आवाज गेले, बाई बसून राहिली

मी एका आजारी बाईला आळशी ठरवलं. तेही तिच्या नवऱ्यासमोर, चिठ्ठीवर सही करता करता. त्या वाक्याला मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. कचेऱ्या नव्या, पाट्यांवरचा रंग ओला आणि उस्मानाबादहून बदलून आलेल्या कारकुनांना भाड्याच्या खोल्या मिळत नव्हत्या. जिल्हा झाला की डॉक्टरही लागतात, असं माझ्या सासऱ्यांचं म्हणणं. ते रेल्वेत होते आणि माझ्या शिक्षणाचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. आमच्या भीमनगरातली मानसोपचार शिकलेली मी पहिलीच. तर मी नांदेडला राहायची आणि मंगळवार-शुक्रवार पहाटेची एसटी धरून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायची. तिथे एका औषधाच्या दुकानामागची खोली घेतली होती. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला टेकवलेला बाक. वेडाची डॉक्टरीण म्हणून लोक मला ओळखत, आणि दारात येण्याआधी दोनदा मागे वळून बघत.

त्या वर्षी पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही धड नव्हता. नांदेडला गोदावरीच्या काठी राहूनही आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही पहाटे. नवरा बदलीच्या गावी, सासूचे गुडघे गेलेले. एसटीच्या दिवशी मी आधी सगळी भांडी भरायची, मग अंघोळ, मग पोळ्या, मग बस. हे सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात याचा हात आहे.

त्या बाईचा नवरा नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामाला होता. लांब दांड्याची चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. दुष्काळात अख्खं गाव ज्याला शिव्या देतं, तो माणूस. बायकोला घेऊन पहिल्यांदा आला तो माघात. ती सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. डोळे मोठे, सतत काहीतरी ऐकत असल्यासारखे, आणि साडीचा पदर दोन्ही हातांनी धरलेला.

टँकरवरून भरून आणलेल्या शेजारणींच्या घागरी तिने उपड्या केल्या होत्या. एक नव्हे, अकरा. त्या पाण्यात काहीतरी कालवलंय, ते पिऊन गल्ली मरेल, असं तिचं म्हणणं. बायकांनी तिला मारलं होतं. कपाळावर खोक होती. तिने मला सांगितलं की नळाच्या पाइपात दोन बायका बोलतात. ती जे करील ते त्या एकमेकींना सांगतात: बघ, आता भाकर थापायली, आता उठली, आता लुगडं नेसायली. दिवसभर. नळ कोरडा असला तरी.

मी व्यवस्थित माहिती विचारून लिहून घेतली. तेव्हा नवऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे आवाज चार महिन्यांपासूनचे. पण त्याच्याही आधी, वर्षभर, ती हळूहळू गप्प होत गेली होती. गोधड्या शिवायची, अख्ख्या गल्लीच्या. ते सुटलं. बाजारला जाणं सुटलं. माहेरून भाऊ आला तर त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी ते लिहिलं, माझ्याच अक्षरात, पहिल्या पानावर. आणि पान उलटलं.

कारण मला शिकवलेलं माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ होतं. स्किझोफ्रेनियाची लक्षणं दोन जातींची. एक पॉझिटिव्ह, म्हणजे चांगली नव्हेत. जे असायला नको ते असणं: कानात आवाज, नसलेले संशय, विस्कटलेलं बोलणं. दुसरी निगेटिव्ह, म्हणजे जे असायला हवं ते नसणं: बोलणं आटतं, चेहऱ्यावर काही उमटत नाही, काही करावंसं वाटत नाही, माणसांची ओढ राहत नाही. आणि कारण? मेंदूत डोपामिन नावाचं रसायन जास्त काम करतं. पुरावाही होता. डोपामिनची जागा अडवणारी औषधं दिली की आवाज जातात. आणि डोपामिन वाढवणारी काही उत्तेजक औषधं जास्त घेतली तर चांगल्या माणसालाही संशय आणि आवाज सुरू होतात. नांदेडला नर्सिंगच्या मुलींना मी हे फळ्यावर बाण काढून शिकवायची. बाण छान यायचे.

हे सगळं पॉझिटिव्ह लक्षणांना बसतं, दुसऱ्या जातीला नाही, हे फळ्यावर कधी आलं नाही. कोणी विचारलंही नाही. माझ्या शिक्षकांनी ओझरतं सांगितलं होतं की निगेटिव्ह लक्षणांवर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न नव्हता.

नवऱ्याला मी त्याच्या भाषेत समजावलं. म्हटलं, मेंदूत एक नळ आहे असं समजा. तो जास्त सुटलाय. ही गोळी व्हॉल्व्ह आवळते. त्याला ते एकदम पटलं. हॅलोपेरिडॉल सुरू केलं. अंग ताठरू नये म्हणून दुसरी एक गोळी सोबत दिली, आणि ताबडतोब गुण येणार नाही, दोन-चार आठवडे लागतील, असं बजावलं. हीसुद्धा एक गंमतच आहे. गोळी डोपामिनची जागा अडवते ती काही तासांत. आवाज मात्र आठवड्यांनी ओसरतात. नुसतं रसायन जास्त म्हणून आजार असता, तर ते अडवल्याबरोबर जायला हवा होता. मधल्या दिवसांत मेंदूत काय चालतं हे आम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

गुण आला. होळीच्या आसपास ती म्हणाली, पाइपातल्या बायका आता लांबून बोलतात. आणखी दोन आठवड्यांनी म्हणाली, नाहीत. टँकरचं पाणी पिऊ लागली. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या. नवऱ्याने माझ्या टेबलावर शेंगदाण्याचे लाडू ठेवले. मी कागदावर ‘सुधारणा’ लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

पुढच्या वेळी तो एकटाच बोलला. ती बाकावर बसली होती, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. काही विचारलं तर ‘हाव’ किंवा ‘न्हाई’, तेही उशिरा. तो म्हणाला, सकाळी बसवलं की संध्याकाळपर्यंत तिथंच. भूक लागली म्हणत नाही. अंघोळ घातली तर करते. मी विचारलं, घरचं कोण करतं? तर म्हणाला, मीच. कामावरून आल्यावर पाणी भरतो, भाकरी करतो, तिला वाढतो, वेणी घालतो. वेणी म्हणताना तो थोडा लाजला. शेजारचे हसतेत, म्हणाला, पण तिला झालंच न्हाई तर काय करायचं.

मग त्याने तो प्रश्न विचारला.

“बाई, तुम्ही व्हॉल्व्ह आवळला म्हणालता. पण एखाद्या वेळेस असं व्हतं, वरच्या गल्लीत पाणी जास्त जातंय म्हणून आवळावं, तर खालच्या गल्लीत पार येतच न्हाई. तिथं आधीच कमी असतंय. तसं तर झालं न्हाई ना?”

मी हसले. वाईट हेतूने नाही; एखाद्या लहान मुलाने गमतीचं बोलावं तशी हसले. म्हटलं, भाऊ, मेंदू म्हणजे नगरपालिका नव्हे. आणि ती इतकी मंद दिसते म्हणजे आजार अजून पुरता गेलेला नाही, असं धरून मी गोळी दुप्पट केली. ताठरपणा वाढू नये म्हणून दुसरी गोळीही वाढवली.

आता, इतक्या वर्षांनी, मला त्या बाकावरच्या बाईत तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. एक तिचं मूळचं आटणं, जे आवाजांच्याही आधी वर्षभर सुरू होतं आणि ज्यावर ती गोळी चालत नव्हती. दुसरं माझ्या गोळीने आलेलं जडपण. कारण हालचालीलाही डोपामिन लागतं आणि ते जास्त अडवलं की माणूस लाकडासारखा होतो, चेहरासुद्धा. ही दोन्ही वरून सारखीच दिसतात. तिसरं कदाचित दुःख असेल. मार खाल्लेला, अब्रू गेलेली. मी ते विचारलं नाही. वेगळं करून बघणं हे माझं काम होतं. मी नुसती गोळी वाढवली.

चैत्र संपत आला तेव्हा ते परत आले. ती आणखी संथ झाली होती. पाऊल उचलायलाही वेळ लागत होता. तो दिवस मला नीट आठवतो. पहाटे नांदेडला नळाला पाणीच आलं नव्हतं. मी दोन गल्ल्या पलीकडच्या हापशावर रांगेत उभी राहून दोन हंडे आणले होते, साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती, आणि तशीच बस धरली होती. चाकूरला बस अर्धा तास थांबली. डोकं ठणकत होतं. आणि समोर हा माणूस सांगत होता, तिच्या अंघोळीसाठी तो बादलीभर पाणी कुठून कुठून आणतो. तिने उठून तांब्याही उचलायचा नाही, आणि त्याने वेणी घालायची.

मी म्हटलं, “तिचा आजार गेलाय. आवाज नाहीत, संशय नाहीत. आता हे जे राहिलंय ती सवय आहे. आळस म्हणा. तुम्ही तिला लाडावून ठेवलंय. कामाला लावा, पाण्याला पाठवा, सगळ्या बायका जातात तशी. वेणीफणी बंद करा.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ती मुद्दाम करत न्हाई बाई.”

“तुम्ही डॉक्टर आहात की मी?”

हे वाक्य मी म्हटलं. त्यात औषधशास्त्र नव्हतं. हेवा होता. माझ्यासाठी कोणी एक हंडा उचलत नव्हतं आणि एका गोधड्या शिवणाऱ्या बाईची कोणी वेणी घालत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण थोडं कळलं होतं. बसमध्ये परत येताना मला मोकळं वाटत होतं, आणि ते मोकळेपण चांगलं नव्हतं हेही जाणवलं होतं.

त्याने ऐकलं. अडाणी माणूस नव्हता तो, पण डॉक्टरचं ऐकायचं असतं असं मानणारा होता. त्याने वेणी घालणं बंद केलं. तिच्या हातात घागर दिली आणि टँकरच्या रांगेत उभं केलं. पहिल्या दिवशी शेजारणींनी भरून दिली. दुसऱ्या दिवशी कोणी दिली नाही, अकरा घागरी कोणी विसरलं नव्हतं. ती रांगेत पुढे सरकायची नाही. लोक तिला ओलांडून पुढे जायचे आणि ती रिकामी घागर घेऊन उभीच. तो कामावर. वैशाखातलं ऊन. पाचव्या की सहाव्या दिवशी टँकर उशिरा आला, दुपारी. दोन-अडीच तास ती उभी होती. सावलीला सरक, असं कोणी म्हटलं असेल, नसेल. तिला स्वतःहून सरकायचं सुचलं नाही. मग ती खाली पडली.

मला हे शुक्रवारी कळलं. तो एकटाच आला, माझी चिठ्ठी हातात घेऊन. तीन दिवस ती सरकारी दवाखान्यात होती. अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध नाही. तिथल्या डॉक्टरांनी ओल्या चादरी गुंडाळल्या, बर्फ आणायला सांगितलं. त्याने बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, सायकलवर, पोत्यात घालून. दोन दिवसांनी तिने डोळे उघडले. ती वाचली होती. तो हे सगळं अगदी शांतपणे सांगत होता, आणि मग म्हणाला, “तिथले डॉक्टर इचारत होते, अंगाला घाम कसा न्हाई. इतकं ऊन लागून घाम न्हाई. गोळ्या कोणत्या चालू हायत म्हणून ही चिठ्ठी दाखवली.”

घाम का नव्हता हे मला त्याच क्षणी कळलं. अंग ताठरू नये म्हणून मी जी दुसरी गोळी वाढवली होती, ती घाम अडवते. पहिली गोळीही अंगाचं तापमान सांभाळण्याच्या आड येते. म्हणूनच त्या औषधांवरच्या माणसाला उन्हाळ्यात जपा, सावलीत ठेवा, पाणी पाजा, असं सांगायचं असतं. हे मी मुलींना शिकवलं होतं. त्याला सांगितलं नव्हतं. उलट उन्हात पाठव म्हटलं होतं.

मी म्हटलं, “यंदा ऊनच फार आहे.”

एवढंच. दुसरी गोळी हळूहळू बंद केली, पहिली निम्म्यावर आणली, आणि उन्हाळ्यापुरतं कमी करते म्हणाले. मग, आता जरा तिला सांभाळून घ्या, असंही म्हणाले.

“सांभाळतच होतो बाई,” तो म्हणाला. “तुम्हीच नको म्हणालता.”

त्या दिवशी मी बाकीचे पेशंट बघितले. परतीच्या बसमध्ये बसले. सासूने पाणी गरम करून ठेवलं होतं. मी कोणालाही काही सांगितलं नाही.

गोळी कमी झाल्यावर पावसाळ्याच्या सुमारास ती थोडी मोकळी हलू लागली. चेहरा सैल झाला. एकदा माझ्या टेबलावरच्या पेपरवेटला तिने बोट लावून बघितलं आणि मला इतका आनंद झाला की मी ते कागदावर लिहिलं. म्हणजे त्या लाकडासारखेपणातला काही भाग माझा होता, तो गेला. पण सगळं गेलं नाही. बसून राहणं राहिलं. गोधडी तिने परत हातात घेतली नाही. आणि आवाज थोडे परत आले. मी विचारलं, त्रास होतो का. ती बराच वेळ थांबून म्हणाली, “लांब हायत.” मी, तो आणि जमेल तेवढी ती, आम्ही तिघांनी ठरवलं, एवढ्यावर राहू. आवाज पुरते बंद करायला गेलं की ती दगड होते. दगडपण काढायला गेलं की बायका पाइपात परत येतात. त्या दोहोंच्या मधली एक जागा शोधायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

मी पुन्हा वाचू लागले. मिळतील ती मासिकं औरंगाबादहून मागवायची. काही वर्षांनी लोक लिहू लागले की डोपामिन सगळीकडे जास्त नसावं. मेंदूच्या एका खोल भागात ते जास्त धावत असेल, आणि कपाळामागच्या भागात, जिथून हुरूप येतो, बेत होतात, तिथे उलट कमी पडत असेल. आधीच कमी. ते वाचताना मी मासिक मिटलं आणि बराच वेळ गॅसवरच्या दुधाकडे बघत बसले. दूध उतू गेलं. वरची गल्ली आणि खालची गल्ली. तोही शेवटचा शब्द नव्हता. मग एक नवं औषध आलं, त्यासाठी दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागत. ते डोपामिनची जागा जुन्या गोळ्यांपेक्षा कमी अडवायचं आणि तरी इतर औषधांनी न हटलेले आवाज काही जणांचे हटवायचं. सगळं डोपामिनच असतं तर असं झालं नसतं. लोक दुसऱ्या रसायनांची नावं घेऊ लागले. तिला ते औषध मी दिलं. रक्त काढायला ती निमूट हात पुढे करायची. आवाज जवळजवळ गेले. तोंडातून लाळ गळू लागली, उशी ओली व्हायची. बसून राहणं मात्र थोडंसंच हललं. आजही निगेटिव्ह लक्षणांवर हमखास चालेल असं औषध माझ्याजवळ नाही.

फळ्यावर मी अजून बाण काढायची. फक्त आता त्यांच्या पुढे प्रश्नचिन्ह काढायची, आणि मुलींना सांगायची की आळशी हा शब्द निदान नाही. हे कुठून शिकले ते सांगितलं नाही.

दहा-अकरा वर्षांनी लातूरची खोली सोडायचं ठरवलं. तिथे आता दोन तरुण मनोविकारतज्ज्ञ बसले होते, माझे गुडघेही सासूच्या वळणावर गेले होते. प्रत्येक जुन्या पेशंटसाठी नव्या डॉक्टरला चिठ्ठी लिहून देत होते. तिची चिठ्ठी मी घरी नेऊन द्यायची ठरवली. औशाच्या रस्त्याला, नगरपालिकेच्या चाळीत त्यांची खोली होती. दुपार होती. ती दाराशी चटईवर बसली होती, केस नीट विंचरलेले. मला बघून तिने पाय आत घेतले, म्हणजे मला बसायला जागा दिली.

तो आला, चावी भिंतीला टेकवली, माझ्याकडून चिठ्ठीचं पाकीट घेतलं आणि विचारलं, त्यात काय लिवलंय.

मी म्हटलं, वाचून दाखवते. इंग्रजीतलं मराठी करत वाचलं. निदान, आधीचं गप्प होणं, आवाज, औषधं. मग ते वाक्य आलं. त्या वर्षी औषधाचा डोस गरजेपेक्षा जास्त वाढवला गेला, घाम अडवणारी गोळी चालू असताना रुग्णाला उन्हात काम करायला सांगितलं गेलं, त्यामुळे उष्माघात. तिथे मी थांबले. कागदावर ‘सांगितलं गेलं’ असं होतं. मी तोंडाने म्हटलं, “मी सांगितलं. चूक माझी होती. ती आळशी नव्हती. तुम्ही मला तेव्हा बरोबर विचारलं होतं आणि मी हसले.”

तो म्हणाला, “घामाचं मला ठावं व्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तवाच सांगितलं व्हतं.”

“मग तुम्ही माझ्याकडे येत का राहिलात?”

“दुसरं कोण व्हतं बाई, जिल्ह्यात?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तो घेतला असता. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, पण ते शब्द मला माझ्याच सोयीचे वाटले. मी म्हटलं, वाक्य बदलून देते, ‘मी’ घालते. पेन काढून, दाराच्या चौकटीवर कागद धरून, खोडलं आणि वर लिहिलं, सही केली.

त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि नवा डॉक्टर कोणत्या वारी बसतो, किती वाजता, रक्ताची तपासणी तिथेच होते का, एवढं विचारून घेतलं. मी सांगितलं. तो पुन्हा एकदा वार विचारून खात्री करून घेऊ लागला.